केस रंगवल्यावर तांदळाचं पाणी आणि दही: काय होतं, काय होत नाही आणि लावायचं तर कसं

पर्मनंट कलर करून आठ-दहा दिवस झाले की केसांची टोकं राठ लागायला लागतात. मग जुळे सोलापुरातल्या माझ्या पार्लरमध्ये दोन प्रश्न हमखास येतात: तांदळाचं पाणी लावू का? दही लावू का? दोन्ही लावता येतं. दोन्हींनी केसांचा वरचा स्पर्श दोन-चार दिवस बरा होतो. मात्र दोन्हींपैकी कशानेही रंग पक्का होत नाही, केस वाढत नाहीत आणि दुभंगलेली टोकं सांधली जात नाहीत. शिवाय चुकीच्या वेळी लावलं तर रंग उलट लवकर उतरतो, कारण मास्क काढण्यासाठी केस जास्तीचे धुवावे लागतात. रंग सर्वात जास्त जातो तो धुण्यातच. म्हणून या लेखातलं सगळं एका नियमाभोवती आहे: मास्कसाठी वेगळं धुणं करायचं नाही. केस धुवायचे असतील त्याच दिवशी मास्क लावायचा.

इथे मी फक्त दोन बाटल्या किंवा दोन ट्यूब एकत्र करून लावायच्या कलरबद्दल बोलते आहे. पांढरे केस झाकायला आपल्याकडे बहुतेक घरांत तोच वापरतात.

कलरने केसाचं काय होतं

एका ट्यूबमध्ये रंगाचे कण आणि अमोनिया किंवा त्याचा पर्याय असतो. दुसरीत डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. घरगुती कलरमध्ये ते बहुधा ६ टक्क्यांच्या आसपास असतं. दोन्ही एकत्र आलं की मिश्रण अल्कधर्मी होतं. त्याने केस फुगतो, वरचे खवले उचलले जातात आणि रंगाचे छोटे कण आत शिरतात. आत गेल्यावर ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि सहजी बाहेर पडत नाहीत. पर्मनंट म्हणतात ते यामुळेच.

याची किंमत केसाच्या पृष्ठभागाला मोजावी लागते. निरोगी केसावर स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय पातळ थर केसालाच घट्ट जोडलेला असतो. त्याच्यामुळे पाणी केसावरून घसरतं आणि केस केसावर घासत नाही. अल्कली आणि पेरॉक्साइड यांच्यापुढे हा थर टिकत नाही आणि त्या केसावर तो पुन्हा तयारही होत नाही, कारण डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. कलर केलेला केस पाणी पटकन पितो, वाळायला वेळ घेतो आणि ओला असताना गुंततो, तो यामुळे. 'अमोनिया फ्री' कलरनेही हे चुकत नाही. त्यात अमोनियाऐवजी दुसरी अल्कली असते; वास कमी येतो, काम तेच होतं.

म्हणजे कलरनंतर आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात: केसांचं आपापसातलं घर्षण कमी व्हावं आणि धुताना केस कमी फुगावा. तांदूळ आणि दही यांतलं काय कितपत करतात, हे याच मापाने पाहू.

तांदळाचं पाणी म्हणजे केसाला खळ

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. यंत्रमागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ देतात. खळीचा पातळ थर सुतावर बसतो, सुटे तंतू दबतात, सूत थोडं ताठ होतं आणि घासलं तरी कमी तुटतं. कापड तयार झालं की खळ धुऊन काढतात. सुताच्या आत त्याने काही बदललेलं नसतं. तांदळाच्या पाण्यातला स्टार्च केसावर हेच करतो. वरून थर बसतो, केस जाड भासतो, सुकल्यावर थोडा ताठ राहतो आणि पुढच्या शाम्पूला थर निघून जातो.

जपानमध्ये २०१० साली तांदूळ धुतलेल्या पाण्याचा केसांवर अभ्यास झाला होता. त्यात घर्षण कमी झाल्याचं आणि लवचीकपणा वाढल्याचं दिसलं. 'विज्ञानाने सिद्ध झालंय' म्हणून रील्समध्ये फिरतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच अभ्यास असतो. पण तो केसाच्या स्पर्शाबद्दल आणि ताणाबद्दल आहे. डोक्यावर नवे केस उगवतात का किंवा कलर जास्त दिवस टिकतो का, याचं उत्तर त्यात नाही.

दुसरा दाखला देतात तो चीनमधल्या ह्वांगलुओ गावच्या याओ स्त्रियांचा. त्यांचे केस लांबसडक असतात आणि त्या आंबवलेलं तांदळाचं पाणी वापरतात, हे खरं. पण त्या पाण्यात पपनसाची साल आणि इतर वनस्पतीही घालतात, आणि केस न कापण्याची रीतही त्यांच्याकडे आहे. त्यांच्या केसांचं श्रेय एकट्या तांदळाला द्यायला आधार नाही. आणि पेरॉक्साइडने रंगवलेल्या केसांबद्दल तर या उदाहरणातून काहीच कळत नाही.

करायची रीत

खांद्यापर्यंतच्या केसांना अर्धी वाटी साधा कोलम तांदूळ पुरतो. एकदा पटकन धुऊन ते पहिलं पाणी टाकून द्या, त्यात धूळ आणि भुसा असतो. मग दोन वाट्या प्यायच्या पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने चोळा आणि पातळ सुती कापडातून गाळा. कापड हवंच. चहाच्या गाळणीतून कच्च्या स्टार्चचे कण खाली येतात आणि केस वाळल्यावर मुळांशी पांढरी भुकटी दिसते. मग कोंडा झाला असं वाटून लोक घाबरतात.

भिजवण्याऐवजी पेज वापरली तरी चालते. शिजलेला स्टार्च केसावर जास्त एकसारखा बसतो, म्हणून पेजेचा परिणाम जास्त जाणवतो आणि ताठपणाही जास्त येतो. एक भाग पेज आणि चार भाग पाणी एवढी पातळ करा. मीठ घालण्याआधीच काढून ठेवा.

लावायची जागा आणि क्रम महत्त्वाचा. आधी नेहमीसारखा शाम्पू करा, पाणी निथळू द्या, मग हे पाणी कानांच्या खालच्या केसांवर ओता. टाळूवर ओतायची गरज नाही, राठपणा टोकांना असतो. पाच मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. त्यानंतर कंडिशनर लावायचाच. तांदळाचं पाणी लावलं म्हणून कंडिशनर वगळला तर ओले केस विंचरताना गुंता होतो आणि कलर केलेला केस तुटतो तो नेमका तेव्हाच.

पंधरा दिवसांतून एकदा पुरे. केस सुकल्यावर कडक लागले, बोटं अडकायला लागली किंवा कंगव्यावर पांढरट पूड दिसली तर थर साचला आहे असं समजा आणि पुढचे दोन-तीन वॉश ते बंद ठेवा. या कडकपणाला हल्ली 'प्रोटीन ओव्हरलोड' म्हणतात. पण तांदळातली बहुतेक प्रथिनं पाण्यात विरघळतच नाहीत, त्यामुळे या पाण्यात प्रथिन फारच थोडं उतरतं. कडकपणा येतो तो स्टार्चचा, आणि एका साध्या शाम्पूने तो जातो.

आंबवलेल्या पाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कलरनंतर नको. आंबवल्याने पाणी आम्लधर्मी होतं हे खरं, पण इथल्या एप्रिल-मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं पाणी रात्रभरात कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. त्यात कोणते जंतू वाढले हे घरात कळायला मार्ग नाही आणि कलरनंतर टाळू आधीच हुळहुळी असते. ते ताज्या पाण्यापेक्षा चांगलं असतं याला पुरावाही नाही. उरलेलं ताजं पाणी फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. आंबट वास आला की कुंडीत ओता.

दह्याचं खरं काम आणि वाढवून सांगितलेलं काम

दह्याचा पीएच साधारण ४ ते साडेचार असतो, म्हणजे ते सौम्य आम्ल आहे. अल्कलीने फुगलेला केस आम्लधर्मी पदार्थाने आवळतो आणि खवले खाली बसायला मदत होते. कलरच्या बॉक्समध्ये मिळणारा कंडिशनर याच कारणाने आम्लधर्मी ठेवलेला असतो. दह्यातल्या स्निग्धांशाने थोडा गुळगुळीतपणाही येतो. दह्याच्या बाजूने खात्रीने सांगता येईल ते एवढंच.

'दही रंग लॉक करतं' हे मात्र मला पटत नाही. या समजुतीमागचा विचार कुठून येतो हे कळतं. लोकर किंवा रेशीम काही रंगांनी रंगवताना कढईत आम्ल घालतात आणि तिथे रंग धाग्याला धरायला ते आम्ल लागतं. केसांच्या पर्मनंट कलरमध्ये रंगाचे कण पेरॉक्साइडमुळे जोडले जातात आणि तुम्ही डोकं धुवायच्या आधीच ते काम बहुतांशी उरकलेलं असतं. नंतर दही लावून त्यात भर पडत नाही. खवले खाली बसल्याने रंग गळणं किंचित कमी होईल असं म्हणता येईल, पण तेवढं काम कंडिशनरही करतो आणि त्याला दोन मिनिटं लागतात.

'दह्यातलं प्रोटीन केस दुरुस्त करतं' हाही असाच दावा. दह्यातलं केसीन मोठ्या गुठळ्यांच्या रूपात असतं, ते केसात शिरत नाही. बाजारातल्या उत्पादनांमध्ये 'हायड्रोलाइज्ड' प्रथिन असं लिहिलेलं असतं, कारण त्याचे आधी बारीक तुकडे केलेले असतात. ते घरी दही घुसळून होत नाही.

दही लावायची रीत

बिनसाखरेचं, त्याच दिवशी लागलेलं दही घ्या. खांद्यापर्यंतच्या केसांना चार मोठे चमचे पुरतात. ते बारीक गाळणीतून दाबून काढा म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. केस किंचित ओले करून मध्यापासून टोकांपर्यंत लावा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तासभर ठेवून जास्त फायदा होत नाही. उन्हाळ्यात पंख्याखाली दही सुकून केसाला चिकटतं आणि ते काढताना केस ओढले जातात.

धुताना गार किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. गरम पाणी ओतलं तर दही फाटतं आणि पांढरे कण केसांत अडकून बसतात. ते काढायला दोनदा शाम्पू करावा लागतो आणि मग रंग जातो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, मग फक्त मुळांशी थोडा शाम्पू, शेवटी टोकांना कंडिशनर. दही शाम्पूच्या आधी आणि तांदळाचं पाणी शाम्पूच्या नंतर, हा फरक लक्षात ठेवा. दोन्ही एकाच दिवशी करू नका. काय मानवलं आणि काय नाही ते कळत नाही.

लिंबू पिळू नका. दही आम्लधर्मी आहे तेवढं पुरे. लिंबू फारच तीव्र असतं, कलरनंतरच्या टाळूला झोंबतं, आणि त्याचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर डाग पडू शकतात. खायचा सोडाही नको. तो अल्कधर्मी असल्याने दह्याचं एकमेव खरं काम पुसून टाकतो.

कधी लावायचं

कलरच्या दिवशी बॉक्समधला कंडिशनर सोडून काहीही नको. टाळूवर बारीक ओरखडे असू शकतात आणि त्या दिवशी काही झोंबलं तर ते कलरमुळे की दह्यामुळे हे ओळखता येत नाही. पहिलं धुणं दोन-तीन दिवसांनी, तेही फक्त सौम्य शाम्पू आणि कंडिशनरने. 'बहात्तर तास पाणी लावायचं नाही, नाहीतर रंग वाहून जातो' या ठरावीक आकड्यात जादू नाही. पण धुणं जेवढं लांबेल तेवढा रंग टिकतो, म्हणून पाळलात तर तोटा नाही. मास्क दुसऱ्या किंवा तिसऱ्या धुण्यापासून.

टाळू लाल झाली, खाज थांबत नाही, पापण्या किंवा कान सुजले, पाणी सुटायला लागलं, तर दह्याने 'थंडावा' द्यायला जाऊ नका. ही पीपीडी या रंगद्रव्याची ॲलर्जी असू शकते आणि ती कधी कधी दोन-तीन दिवसांनीही उमटते. भरपूर पाण्याने धुवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत जा. श्वास लागला किंवा ओठ-जीभ सुजली तर ताबडतोब. एकदा अशी ॲलर्जी झाली की तो कलर पुन्हा लावायचा नाही, आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणारे पाउचही नाहीत, कारण त्यांतही पीपीडी असू शकतं.

पाण्याचाही हिशोब करा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि मधल्या दिवसांत अनेक घरं बोअरवर असतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. साबणाला फेस येत नाही, गिझर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, ही त्याची खूण. कलर केलेला केस या पाण्यातलं कॅल्शियम साध्या केसापेक्षा जास्त धरून ठेवतो. केस राठ आणि निस्तेज होतात आणि दोष एकट्या कलरवर जातो. अशा केसावर स्टार्चचा आणखी एक थर चढवला तर कडकपणा वाढतो. त्यामुळे घरी फक्त बोअर असेल तर मी तांदळाच्या पाण्यापेक्षा दही सुचवते. शिवाय शेवटचं धुणं नळाच्या साठवलेल्या पाण्याने करायला सांगते. तांब्याने हळूहळू ओतलं तर एक-दीड लिटर पुरतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने केस धुतात, ते करू नका. त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

अर्ध्या डोक्याची परीक्षा

माझ्या नणंदेचा तांदळाच्या पाण्यावर पूर्ण विश्वास. "वहिनी, माझा कलर त्यानंच टिकतोय," असं ती म्हणायची. ती सात रस्त्याजवळ राहते, केस खांद्यापर्यंत, गडद तपकिरी कलर, आठवड्यातून दोनदा धुणं. मी तिला म्हटलं, "अगं, मग अर्ध्याच डोक्यावर लाव आणि बघ." मधोमध भांग पाडला. उजव्या बाजूला शाम्पूनंतर तांदळाचं पाणी आणि मग कंडिशनर, डाव्या बाजूला फक्त कंडिशनर. शाम्पू तोच, पाणी तेच, दोन्ही बाजूंना कंडिशनरही सारखाच मोजून.

पाहायच्या गोष्टी आधीच ठरवल्या: ओल्या केसांत कंगवा कुठे अडतो, वाळल्यावर स्पर्श कसा आहे, दुसऱ्या दिवशी टोकं कशी आहेत, आणि दर आठवड्याला दुपारी गॅलरीत एकाच जागी उभं राहून डोक्याच्या मागून काढलेला फोटो. फोटो महत्त्वाचा, कारण आरशातला रंग बाथरूमच्या दिव्याप्रमाणे बदलतो.

उजवी बाजू वाळल्यावर भरीव वाटायची आणि बारीक उडणारे केस दबलेले असायचे. पुढच्या धुण्यापर्यंत ते टिकायचं. ओल्या केसांत कंगवा दोन्हीकडे सारखाच फिरला, म्हणजे गुंता सोडवायचं काम कंडिशनरच करत होता. आणि पुढच्या टचअपच्या वेळी फोटो शेजारी ठेवले तेव्हा दोन्ही बाजूंचा रंग सारखाच उतरलेला दिसला. एका डोक्यावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही, पण तुमच्या केसांपुरतं उत्तर याच रीतीने मिळतं. नणंद आजही तांदळाचं पाणी लावते, लग्नाकार्याच्या आदल्या दिवशी, केस भरीव दिसावेत म्हणून. तो उपयोग खरा आहे.

कंडिशनर पुढे का राहतो तेही सांगते. कलरने खराब झालेल्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात. त्यामुळे जिथे नुकसान जास्त तिथेच ते जास्त चिकटतात. स्टार्चला आणि केसीनला अशी निवड करता येत नाही. म्हणून पैसे किंवा वेळ यांपैकी एकच हाती असेल तर किराणा दुकानातलं कंडिशनरचं छोटं पाउच आधी घ्या.

केस गळतात की तुटतात

'तांदळाच्या पाण्याने गळणं थांबलं' हे फार ऐकू येतं. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो केस मुळापासून गळला आहे. अशा गळण्याला कुठलंही धुवण किंवा दही थांबवत नाही. ते वाढलं असेल तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. गाठ नसलेले, कमी-जास्त लांबीचे तुकडे असतील तर केस तुटले आहेत. हे घर्षणाने होतं आणि इथे कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, आणि काही प्रमाणात हे मास्क उपयोगी पडतात. ज्यांना तांदळाच्या पाण्याने 'गळणं थांबल्याचा' अनुभव येतो, त्यांचं बहुधा तुटणं कमी झालेलं असतं. फाटे फुटलेल्या टोकांना मात्र कात्रीच.

पुढच्या टचअपच्या आधी

टचअपच्या आधीच्या शेवटच्या धुण्याला दोन्हीपैकी कोणताही मास्क नको. केसावर स्टार्चचा किंवा दह्याचा थर राहिला असेल तर कलर सगळीकडे सारखा बसेलच असं नाही. त्या दिवशी साधा शाम्पू करा आणि एक दिवस जाऊ द्या. नवीन पॅक असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे चाचणी घ्या. कलर फक्त वाढलेल्या पांढऱ्या मुळांना लावा, आणि टोकांचा रंग फिका वाटला तर तो शेवटच्या काही मिनिटांतच, पॅकवर सांगितलं असेल तेवढ्याच वेळापुरता, खाली ओढून घ्या.